शब्द कुठे बसवायचे: वेव्हफॉर्म बघून की आवर्तनं मोजून?

तयार ट्रॅकवर गाणं लिहायचं तर त्याचे चढ आणि थांबे आधी टिपावे लागतात. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक वाजत असताना Ctrl+M दाबत खुणा लावल्या की काम झटपट उरकतं. पण वेव्हफॉर्म म्हणजे पडद्यावरची आवाजाची लाट; ती आवाज किती मोठा आहे ते दाखवते, जागा रिकामी आहे का ते नाही.

मी इथेच फसलो. ट्रॅक केरव्यातला, 96 बीपीएमचा, म्हणजे आठ मात्रांचं आवर्तन बरोबर 5 सेकंदांचं. विसाव्या सेकंदाला ढोलक थांबतो आणि लाट बारीक होते. मी मुखडा तिथेच टाकला. गाऊन बघितलं, तर बासरी त्याच पट्टीत वाजत होती आणि माझे शब्द तिच्या अंगावर पडत होते.

मग वही काढली. एका आवर्तनाला एक ओळ, ओळीत आठ चौकोन. बासरी वाजते तिथे काट. पाचव्या-सहाव्या आवर्तनात पहिले पाच चौकोन भरले, शेवटचे तीन मोकळे. तिथे ‘ये ना’एवढीच हाक मावते. मुखडा गेला सातव्या आवर्तनाच्या समेवर, तिसाव्या सेकंदाला. बासरी तिथे गप्प होते, ढोलक परततो. पडद्यावर मात्र तीच जागा सगळ्यात भरलेली दिसते!

वहीला वेळ लागतो, शिवाय एखाद्या ट्रॅकच्या सुरुवातीला ताल नसलेला आलाप असला, तर तिथे मोजायला मात्राच नसतात. तेवढ्यापुरता मी वेव्हफॉर्म उघडतो.