उजळलेली धमनी की पुसट झालेली सीमा: स्ट्रोकच्या पहिल्या तासांत सीटीवरील कोणत्या खुणेला किती वजन द्यावे

मेंदूची धमनी गुठळीने बंद पडल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार तासांत काढलेला साधा, म्हणजे कॉन्ट्रास्टशिवायचा, डोक्याचा सीटी स्कॅन पुष्कळदा ठीकठाकच दिसतो. रक्तस्राव नाही एवढे पाहून फिल्म बाजूला ठेवली जाते आणि रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिले जाते. मात्र त्याच स्कॅनमध्ये दोन खुणा दडलेल्या असू शकतात. पहिली खूण रक्तवाहिनीत असते: गुठळी अडकलेली धमनी आजूबाजूपेक्षा जास्त पांढरी दिसते, तिला हायपरडेन्स धमनी म्हणतात. दुसरी खूण मेंदूच्या ऊतीत असते: करड्या आणि श्वेत भागांमधली नेहमीची सीमा पुसट होते. जिथे एमआरआय नाही, न्यूरोलॉजिस्ट फोनवर आहे आणि रुग्णाला इंजेक्शन द्यायचे की पुढे पाठवायचे हे रात्रपाळीच्या डॉक्टरला ठरवायचे आहे, तिथे या दोहोंपैकी कोणत्या खुणेवर किती विसंबावे हा प्रश्न पडतो.

दोन्ही खुणांचे कारण वेगळे आहे आणि पुढचे सगळे फरक त्यातूनच निघतात. वाहते रक्त सीटीवर साधारण ४० हाउन्सफिल्ड एककांच्या आसपास असते. गुठळीत लाल पेशी दाटून बसतात, पाण्याचा अंश कमी होतो आणि घनता ५० ते ८० पर्यंत चढते. गुठळी अडकली की हा बदल तत्क्षणी हजर असतो, त्यासाठी मेंदूची काही हानी व्हावी लागत नाही. सीमा पुसट होण्याला मात्र वेळ लागतो. करडा भाग श्वेत भागापेक्षा जेमतेम पाच ते दहा एककांनी अधिक घन असतो. रक्तपुरवठा फार खाली गेला की पेशींचे पंप थांबतात, ऊतीत पाणी शिरू लागते आणि त्या पाण्याने करड्या भागाची घनता खाली येते. पाण्याचे प्रमाण एक टक्क्याने वाढले तर घनता दोन-अडीच एककांनी घटते, म्हणून अगदी थोडे पाणीही मुळातला बारीक फरक मिटवायला पुरते. उजळलेली धमनी अडथळा कुठे आहे ते सांगते, तर पुसट सीमा कोणती ऊती बहुधा हातची गेली ते सांगते.

विश्वासार्हतेत दोहोंची तऱ्हा उलटसुलट आहे. हायपरडेन्स धमनी खरोखर एका बाजूला आणि लक्षणांशी जुळणाऱ्या जागी दिसली, तर तिथे गुठळी असण्याची शक्यता फार मोठी असते. पण ती दिसली नाही म्हणून धमनी मोकळी आहे असे म्हणता येत नाही, कारण सिद्ध झालेल्या अडथळ्यांपैकी जवळपास निम्म्या रुग्णांत ही खूण मिळतच नाही. याची दोन कारणे आहेत. फायब्रिन आणि प्लेटलेट्स जास्त असलेली गुठळी रक्ताइतकीच घन दिसू शकते. दुसरे कारण आपल्या हातातले आहे: मधल्या मेंदू-धमनीचे (मिडल सेरेब्रल आर्टरीचे) सुरुवातीचे खोड जेमतेम तीन मिलिमीटर जाड असते, आणि पाच मिलिमीटरच्या स्लाइसमध्ये ते शेजारच्या पाण्यासारख्या द्रवाबरोबर सरासरीत मिसळून फिके पडते. म्हणून धमनी शोधायची असेल तर त्याच स्कॅनच्या एक मिलिमीटरच्या आसपासच्या पातळ स्लाइस कन्सोलवर उघडाव्यात. त्यासाठी रुग्णाला पुन्हा आत घ्यावे लागत नाही, हे टेक्निशियनला माहीत असते, पण मागणारा सहसा कुणी नसतो.

पुसट सीमेसाठी याच्या नेमके उलट करावे लागते. पातळ स्लाइसमध्ये दाणेदारपणा इतका वाढतो की पाच एककांचा फरक त्यात बुडून जातो, म्हणून ऊती पाहताना जाड स्लाइसच बरी. इथे बदलायची ती विंडो, म्हणजे काळ्या-पांढऱ्या छटांत दाखवायचा घनतेचा पट्टा. नेहमीच्या ८० रुंदीच्या आणि ४० केंद्राच्या विंडोत जे दिसत नाही, ते रुंदी ४० वर आणून केंद्र ३५ ते ४० दरम्यान ठेवल्यावर समोर येते. पाहण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. इन्सुला हा मधल्या धमनीच्या प्रदेशाचा असा भाग आहे की पुढच्या आणि मागच्या धमन्यांकडून येणारी पर्यायी वाट तिथवर क्वचितच पोचते, त्यामुळे तिथली करडी रेघ लवकर विरते. लेंटिफॉर्म न्यूक्लियस या मेंदूच्या खोल भागातल्या करड्या पुंजक्याला खोडातूनच निघणाऱ्या बारीक फांद्या रक्त देतात आणि त्यांना पर्यायच नसतो. म्हणून खोड मुळाशी बंद पडले तर त्याची कडा पहिल्या एक-दोन तासांतही धूसर होऊ शकते. अडथळा या फांद्यांच्या पुढे असेल तर लेंटिफॉर्म शाबूत आणि इन्सुला गेलेला, असे चित्र मिळते.

या दुसऱ्या खुणेचा दुबळेपणा म्हणजे ती पाहणाऱ्यावर अवलंबून असते. दोन अनुभवी डॉक्टरही एकाच फिल्मवर वेगळे मत देतात. २००० साली कॅलगरीच्या गटाने मांडलेल्या ॲस्पेक्ट्स या गुणपद्धतीने मतभेद मिटले नाहीत, पण त्यांना निदान एकच भाषा मिळाली: मधल्या धमनीच्या प्रदेशाचे दहा भाग पाडायचे आणि बिघडलेल्या प्रत्येक भागाचा एक गुण वजा करायचा. (या पद्धतीत ‘एम१’ म्हणजे बाह्यकाचा पुढचा एक भाग आणि धमनीच्या भाषेत ‘एम१’ म्हणजे खोड. फोनवर हा गोंधळ मी एकापेक्षा जास्त वेळा ऐकला आहे, त्यामुळे फोनवर नेहमी ‘खोड’ म्हणावे.) घनता न घटता केवळ बाह्यकाच्या वळ्या फुगलेल्या दिसल्या, तर तो भाग वजा करू नये, तिथे रक्तवाहिन्या पसरून रक्त साचलेले असते आणि ऊती अजून वाचण्याजोगी असू शकते.

फसवणूक दोन्हीकडे होते, पण तिचे रूप वेगळे असते. धमनीच्या बाबतीत ती सर्वांत जास्त हिमॅटोक्रिटमुळे, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या वाढलेल्या प्रमाणामुळे होते: पाणी कमी पडलेल्या किंवा पॉलिसायथेमियाच्या रुग्णात सर्वच रक्त घन होते आणि दोन्ही बाजूंच्या धमन्या उजळतात. घाईत नजर फक्त लुळ्या बाजूला जबाबदार असलेल्या अर्ध्याकडे जाते आणि गुठळी ‘सापडते’. म्हणून मोजणी दोन्हीकडे करावी. संशयित धमनी ४३ एककांहून घन आणि दुसऱ्या बाजूच्या १.२ पटींहून अधिक, हा निकष पुष्कळ ठिकाणी वापरला जातो, आणि माझ्या मते त्यातले गुणोत्तर आकड्यापेक्षा मोलाचे आहे. तीव्र रक्तक्षयाच्या रुग्णात मोकळ्या धमन्याच फिक्या असतात, तिथे केवळ आकड्यावर भिस्त ठेवली तर खरी गुठळी निसटू शकते. धमनीच्या भिंतीतला कॅल्शियम सहसा शंभराच्या बराच पुढे जातो आणि कडेला चिकटलेला असतो, त्यामुळे तो ओळखणे सोपे. पुसट सीमेच्या बाबतीत खरा शत्रू म्हणजे तिरके डोके. एका बाजूची स्लाइस लेंटिफॉर्ममधून आणि दुसऱ्या बाजूची त्याच्या खालून गेली, की एक बाजू ‘गेल्यासारखी’ वाटते. डोळ्यांची बुबुळे आणि आतल्या कानांची हाडे दोन्ही बाजूंना एकाच स्लाइसमध्ये येतात का, हे आधी पाहावे आणि येत नसतील तर प्रतिमा सरळ करून घ्यावी.

आता एक रुग्ण घेऊ. तपशील उदाहरणादाखल जुळवलेले आहेत, पण प्रसंग नेहमीचा आहे. ६४ वर्षांचे गृहस्थ, सकाळी ७:४० ला चहा पिताना उजवा हात गळून पडला आणि बोलणे बंद झाले. ९:२५ ला सीटी. साखर १४०. रेसिडेंटने रक्तस्राव नाही हे पाहिले आणि ॲस्पेक्ट्स १० दिला. विंडो ४० वर आणल्यावर डाव्या इन्सुलाची करडी रेघ बाजूच्या श्वेत भागात मिसळलेली दिसली आणि डाव्या लेंटिफॉर्मची बाहेरची कडा सापडेना. डोके सरळ होते. दहातून दोन गेले, गुण ८. लेंटिफॉर्म गेला म्हणजे अडथळा खोडात मुळाशी असावा, म्हणून पातळ स्लाइस उघडल्या: डाव्या खोडात ५८ एकके, उजव्यात ४१, गुणोत्तर १.४. उजळलेल्या भागाची लांबी १४ मिलिमीटर भरली.

इथे दोन्ही खुणांनी वेगवेगळे निर्णय सुचवले. गुण ८ म्हणजे मोठा भाग अजून शाबूत आहे, साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायला सीटीकडून अडसर नाही. इतका थोडा, पुसट बदल हे इंजेक्शन टाळण्याचे कारण ठरत नाही; ते टाळायला लावतो तो स्पष्ट काळवंडलेला मोठा भाग. गुठळीच्या लांबीने वेगळीच गोष्ट सांगितली: आठ मिलिमीटरहून लांब गुठळी केवळ इंजेक्शनने क्वचितच विरघळते, म्हणून ते सुरू करतानाच थ्रॉम्बेक्टॉमी, म्हणजे धमनीत नळी घालून गुठळी बाहेर काढण्याचा उपचार, होणाऱ्या केंद्राला फोन लावणे गरजेचे होते. इंजेक्शनचा परिणाम पाहून मग ठरवू असे म्हटले असते, तर दोन तासांच्या प्रवासाआधीच एक तास गेला असता.

खुणा एकट्या आल्या तर अर्थ बदलतो. धमनी उजळलेली आणि ऊती पूर्ण ठीक असेल, तर पर्यायी रक्तपुरवठा अजून तग धरून आहे; पाठवण्याची घाई अशाच रुग्णासाठी सर्वांत जास्त करावी, कारण गमावण्यासारखे त्याच्याकडेच सर्वाधिक शिल्लक असते. उलट, ऊती पुसट आणि धमनी साधी असेल, तर अडथळा लहान फांदीत असेल, गुठळी फायब्रिनची असेल किंवा तोवर सरकून गेली असेल; अशा वेळी सीटी ॲन्जिओग्राफीशिवाय निष्कर्ष काढू नये. आणि ‘तासाभरापूर्वी सुरू झाले’ असे सांगितले जात असताना भाग पुसट नव्हे तर सरळ काळा दिसत असेल, तर सीटीवर विश्वास ठेवून नातेवाइकांना पुन्हा विचारावे, की रुग्णाला शेवटचे ठणठणीत कुणी आणि कधी पाहिले. उत्तर बहुतेकदा आदल्या रात्री झोपण्यापूर्वीचे निघते.

म्हणून रात्री एकट्याने ठरवणाऱ्यासाठी माझा कौल असा: क्रमाने आधी ऊती, मग धमनी. ऊती पाहून उपचार करण्यात अर्थ आहे का हे ठरते, धमनी पाहून तो कुठे करायचा हे ठरते. दोन्ही खुणा नसल्या आणि लक्षणे ठळक असली, तर स्कॅनपेक्षा लक्षणांना वजन द्यावे. गुण पाचपर्यंत किंवा त्याखाली आला म्हणून थ्रॉम्बेक्टॉमीचा विचार सोडू नये. २०२२-२३ मधल्या चाचण्यांनी तीन ते पाच गुणांच्या निवडक रुग्णांतही फायदा दाखवला आहे, तो निर्णय त्या केंद्राला घेऊ द्यावा.

वरच्या रुग्णाचा सीटी मोठ्या केंद्रात १२:१० ला पुन्हा काढला, तेव्हा खोड तसेच उजळ होते आणि इन्सुलालगतच्या बाह्यकाचा आणखी एक भाग पुसट झाला होता. गुण ७. पहिल्या रुग्णालयाच्या रिपोर्टमध्ये भागांची नावे, दोन्ही बाजूंची एकके आणि वेळ लिहिलेली होती, त्यामुळे तीन तासांत नेमके काय गेले हे दोन्ही फिल्म शेजारी ठेवताच कळले आणि रुग्ण थेट कॅथलॅबमध्ये गेला.