फायबरवर स्वतःचा राउटर: टॅग कोणी लावावा?

जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून ग्राहकाला आपल्या पसंतीचा राउटर लावण्याचा कायदेशीर हक्क आहे. तरीही डॉइच टेलिकॉमच्या फायबरवर कंपनीचा राउटर काढून स्वतःचा जोडला, की पुष्कळदा इंटरनेट पूर्ण बंद पडते. भिंतीवरच्या ओएनटीचे दिवे मात्र हिरवेच राहतात, कारण प्रकाशाची जोडणी ओएनटी सांभाळतो आणि तिला धक्का लागलेला नसतो. अडचण एवढीच असते, की त्या लाइनवर पीपीपीओई या लॉगिन पद्धतीची पाकिटे व्हीलॅन ७ च्या टॅगसह, म्हणजे त्या आभासी जाळ्याच्या क्रमांकाच्या चिठ्ठीसह, जावी लागतात आणि हे काम कंपनीचा राउटर आपल्या नकळत करत होता.

पर्याय निवडण्यापूर्वी निदान पक्के करावे. राउटरवर tcpdump असेल, तर वॅन पोर्टवर (येथे eth1) पुढील आज्ञा चालवावी:

```
tcpdump -eni eth1 'pppoed or (vlan and pppoed)'
```

राउटरची PADI ही विचारणा पुन्हा पुन्हा जात असेल आणि कंपनीकडून PADO हे उत्तर कधीच येत नसेल, तर टॅगचा संशय सर्वांत आधी घ्यावा. PADO येऊन नंतर लॉगिन नाकारले जात असेल, तर टॅग बरोबर आहे आणि चूक युजरनेम किंवा पासवर्डमध्ये आहे. हा फरक न पाहिल्यामुळे चांगला राउटर दुकानात परत जातो.

राउटरच्या वॅन सेटिंगमध्ये व्हीलॅन आयडीचा रकाना असेल, तर टॅग तिथेच लावणे माझ्या मते सर्वांत उत्तम, कारण मध्ये दुसरे उपकरण राहत नाही. ओपनडब्ल्यूआरटीवर वॅनचे डिव्हाइस `eth1` ऐवजी `eth1.7` करावे लागते. एमटीयू १४९२ च राहतो. ती घट पीपीपीओईच्या ८ बाइटमुळे असते, टॅगमुळे नव्हे.

राउटरला टॅग लावताच येत नसेल, तर मध्ये मॅनेज्ड स्विच बसवता येतो. ओएनटीकडचा पोर्ट व्हीलॅन ७ मध्ये टॅग्ड आणि राउटरकडचा अनटॅग्ड ठेवावा. राउटरकडच्या पोर्टचा पीव्हीआयडी, म्हणजे टॅग नसलेल्या पाकिटांना मिळणारा व्हीलॅनचा आकडा, ७ करायचा राहिला, तर PADI व्हीलॅन १ मध्येच अडकते आणि लाइन पूर्वीइतकीच बंद राहते. राउटर आणि स्विच दोघांनीही टॅग लावला, तरी उत्तर येत नाही. विजेचा आणखी एक प्लग लागतो, हेही खरेच.

कंपनीचा राउटर पुढे ठेवून आपला त्याच्यामागे जोडला, तर टॅगचा प्रश्नच उरत नाही. मात्र नॅट दोनदा होते आणि बाहेरून घरातील कॅमेऱ्यापर्यंत पोहोचायचे असेल, तर पोर्ट दोन्हीकडे उघडावे लागतात. घरातील दूरध्वनी कंपनीच्या राउटरलाच जोडलेला असेल आणि नव्या राउटरला फोनचा पोर्ट नसेल, तर मी हाच मार्ग सुचवेन.

व्हीलॅनचा आकडा मात्र आपल्याच कंपनीकडून घ्यावा. नेदरलँड्समध्ये केपीएनच्या इंटरनेटसाठी तो ६ आहे.