साठचा पेपर: आधी शंभरावर आणायचा की थेट भार लावायचा?

परभणीतल्या एखाद्या महाविद्यालयाचा निकाल धरू. लेखी पेपर 60 चा, प्रात्यक्षिक 100 चं, आणि दोन्हींना भार निम्मा-निम्मा. सीमाला लेखीत 54, प्रात्यक्षिकात 60. गणेशला 39 आणि 80.

मिळालेल्या गुणांना थेट भार लावला तर सीमा 27 + 30 = 57 आणि गणेश 19.5 + 40 = 59.5. पहिला गणेश.

लेखी आधी शंभरावर आणली तर सीमाचे 54 होतात 90, गणेशचे 39 होतात 65. आता सीमा 45 + 30 = 75, गणेश 32.5 + 40 = 72.5. नंबरच फिरला!

कारण थेट पद्धतीत लेखीतून जास्तीत जास्त 30 मिळतात, प्रात्यक्षिकातून 50. म्हणजे कागदावर निम्मा असलेला लेखीचा भार खरा 37.5 टक्केच उरतो. बरेच जण शेवटी बेरजेला 80 ने भागून शंभरावर आणतात. त्यानं आकडे मोठे दिसतात, पण क्रम तोच चुकीचा राहतो. लेखीत जीव ओतलेल्या पोरीवर हा सरळ अन्याय आहे.

तपासायचं सोपं आहे: दोन्हीकडे पैकीच्या पैकी गुण भरून बघा. बेरीज 100 न येता 80 आली, तर रूपांतर राहिलंय. एक्सेलमध्ये मी हे सूत्र वापरतो:

```
=B2/60*50+C2/100*50
```

मधे कुठंही पूर्णांक करू नका. 41 चे 68.33 होतात, ते तसेच पुढं जाऊ द्या. पूर्णांक फक्त अंतिम बेरजेचा.