अटींची चाळणी की एआयचा स्कोअर?

वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत एचआर सांभाळणारी मैत्रीण विचारत होती, अकाउंट्सच्या जागेसाठी आलेले रिझ्युमे आपणच घातलेल्या अटींवर गाळावेत की एआयच्या स्कोअरवर?

आधी भेदभाव पाहू. अटीही अन्याय करतात. 'एक वर्षापेक्षा जास्त गॅप नको' म्हटलं की बाळंतपणानंतर परतणाऱ्या बायका आपोआप बाहेर. पण ही अट डोळ्यांना दिसते, लगेच काढता येते. स्कोअर देणारं मॉडेल मात्र जुन्या निवडींवरून शिकतं. ॲमेझॉनने असंच एक टूल बनवलं होतं. आधीचे बहुतेक रिझ्युमे पुरुषांचे, म्हणून ते 'विमेन्स' शब्द असलेल्या रिझ्युमेंना गुण कमी देऊ लागलं, आणि शेवटी बंद करावं लागलं. नुसतं नाव झाकून हे टळत नाही, कारण कॉलेज आणि गॅपवरूनही मॉडेल अंदाज बांधतं. तपासायचं तर एकाच रिझ्युमेत फक्त गॅप बदलून दोनदा टाका. स्कोअर घसरला तर गुण कशाचे कापले ते कळतं.

उमेदवाराने कारण विचारलं तर? 'टॅली येत नाही' हे सांगता येतं. '६२ गुण' हे उत्तरच नाही. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती दुरुस्त करून घ्यायचा हक्क आहे, यंत्राच्या निर्णयाचं कारण मागायचा स्पष्ट हक्क नाही. न्यूयॉर्क शहरात अशा टूलचं दरवर्षी ऑडिट आणि उमेदवाराला पूर्वसूचना सक्तीची आहे.

शे-दोनशे अर्ज असतील तर मोजक्या अटी लावा आणि बाकी माणसाने वाचा. हजारोंनी येत असतील तर स्कोअर फक्त वाचायचा क्रम लावायला वापरा, नकार माणसानेच द्यावा.