गिअर उडतोय: केबल पिळायची की स्क्रू?

सायकलचा मागचा गिअर उडायला लागला की बरेचजण आधी स्क्रूड्रायव्हर घेऊन चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या डिरेलरचे दोन स्क्रू फिरवतात. माझं स्पष्ट मत आहे, सुरुवात केबलपासून करा.

चेन मधल्याच चक्रांवर खडखडत असेल, तर दोष बहुतेक केबलच्या ताणात असतो. समजा, लहान चक्रावरून शेजारच्या मोठ्यावर चेन चढायला रेंगाळते. मागचं चाक उचलून पॅडल फिरवत राहा आणि डिरेलरपाशी केबल जिथे शिरते ती गोल नळी मागून पाहत डावीकडे अर्धा फेरा फिरवा. ताण वाढतो, चेन चढते. उलट उतरताना अडत असेल तर उजवीकडे फिरवा. तरीही अडली तर केबलच्या आवरणात गंज किंवा चिखल असेल.

एच आणि एल हे स्क्रू फक्त दोन टोकांच्या हद्दी ठरवतात. सर्वात लहान चक्राबाहेर चेन पडली तर एच, सर्वात मोठ्यावरून आऱ्यांत गेली तर एल, पाव फेरा घट्ट करा. आऱ्यांत गेलेली चेन चाक जाम करते, म्हणून एलची हयगय नको.

दोन्ही करून फक्त जोर लावल्यावरच चेन घसरत असेल, तर चेन किंवा चक्रांचे दात झिजलेत का ते पाहा.