आदेशाला आव्हान देताना अर्थ लावण्याचा कोणता मार्ग धरावा?

हातात सरकारी आदेश असतो आणि वकील विचारतो, 'नियमाचा अर्थ वेगळा लावायला सांगू की नियमच रद्द करा म्हणू?' उत्तर नियमाच्या शब्दरचनेत असतं, म्हणून आधी तो मूळ मजकूर वाचायचा.

यादी असून शेवटी 'किंवा इतर कोणतीही' आलं असेल तर पहिला विचार इजुस्डेम जेनेरिसचा, म्हणजे 'इतर'मध्ये यादीतल्यांच्याच जातीचं यावं या नियमाचा. सिद्धेश्वरी कॉटन मिल्समध्ये (1989) अबकारी कायद्यात ब्लीचिंग, रंगकाम, छपाई अशा प्रक्रियांनंतर 'इतर कोणतीही प्रक्रिया' होतं. आधीच्या सगळ्या प्रक्रिया कापडात टिकाऊ बदल करणाऱ्या, म्हणून 'इतर'ही तशीच हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने धरलं. पण यादीत समान जातच नसेल तर हा युक्तिवाद टिकत नाही. संविधानाच्या अनुच्छेद 12 मधल्या 'इतर प्राधिकरणे' या शब्दांना तो लावायला न्यायालयाने 1967 मध्ये राजस्थान वीज मंडळाच्या खटल्यात नकार दिला.

यादी नाही, पण शब्दशः वाचल्यावर विपरीत परिणाम होतो? मग कायद्याच्या हेतूकडे जा. के. पी. व्हर्गीस यांनी 16,500 रुपयांना घेतलेलं घर त्याच किमतीला सून आणि मुलांना विकलं. आयकर अधिकाऱ्याने बाजारभाव 65,000 धरून न मिळालेल्या नफ्यावर कर लावला. न्यायालयाने 1981 मध्ये ठरवलं की बाजारभाव धरून कर लावायची ही तरतूद किंमत कमी दाखवणाऱ्यांसाठी आहे. कमी दाखवल्याचं सिद्ध करणं खात्याचं काम. इथे विधेयक मांडतानाचं अर्थमंत्र्यांचं भाषणही उपयोगी पडलं. अशी सामग्री हाती नसेल, तर हेतूचा आधार घेणं पोकळ ठरतं.

तिसरा मार्ग रीडिंग डाउनचा: नियम घटनाबाह्य ठरू नये म्हणून त्याची व्याप्ती आकसून वाचायची. इथेच लोक सर्वाधिक फसतात. दिल्ली परिवहन महामंडळाच्या विनियम 9(ब)प्रमाणे एक महिन्याच्या नोटिशीने किंवा तेवढ्या पगाराने कायम कर्मचाऱ्यालाही कारण न देता काढता येत असे. 1990 मध्ये सरन्यायाधीश सब्यसाची मुखर्जी यांनी त्यात कारणं नोंदवण्याची अट वाचून तो वाचवायची तयारी दाखवली. खंडपीठातल्या उरलेल्या चौघा न्यायाधीशांना ते मान्य नव्हतं. शब्द स्पष्ट असताना त्यात नवी अट घालणं म्हणजे नियम नव्याने लिहिणं, असं म्हणून त्यांनी विनियम रद्द केला.

मला चौघांचं म्हणणं पटतं. अट न्यायालयाच्या निकालात राहिली आणि नियमपुस्तकात जुनेच शब्द राहिले, तर पुढचा अधिकारी ते शब्दच वाचतो आणि कर्मचाऱ्याला पुन्हा कोर्टात यावं लागतं. म्हणून शब्दांना दोन अर्थ खरोखर सोसत असतील तरच रीडिंग डाउन मागा, आणि तेही पर्यायी मागणी म्हणून. मुख्य मागणी नियम रद्द करण्याचीच ठेवा.