ओएमआर: एकेक गोळा की पानापानाने?

नीटमध्ये १८० प्रश्न, १८० मिनिटं, आणि काळ्या बॉलपेनने रंगवलेला गोळा खोडता येत नाही.

पहिली पद्धत म्हणजे प्रश्न सुटला की लगेच गोळा. शेवटी घाई होत नाही, हे खरं. पण धोका सोडलेल्या प्रश्नाशी असतो. समजा ३७ वा सोडला. ३८ चं उत्तर मिळालं, नजर उत्तरपत्रिकेवर गेली आणि हात पहिल्या रिकाम्या ओळीत उतरला, म्हणजे ३७ मध्ये. ४५ पर्यंत सगळं एक ओळ वर सरकतं. चूक कळते ४६ ला, कारण ४५ ची ओळ रिकामी दिसते. ती भरता येते, पण ३८ ते ४४ या सात ओळी गेल्या. योगायोगाने जुळलेली सोडली, तर प्रत्येक बरोबर उत्तरामागे चार गुण जातात आणि वर एक कापला जातो.

दुसरी पद्धत पानाची. प्रश्नपुस्तिकेतच पर्यायाला गोल करायचा, सोडलेल्या क्रमांकापुढे ठळक फुली मारायची. पान संपलं की "अडतीस, तीन, एकोणचाळीस, एक" असं मनात म्हणत भरायचं. फुली आली की त्या ओळीवर बोट ठेवून पुढे सरकायचं. पानाचा शेवटचा क्रमांक आणि शेवटची भरलेली ओळ जुळली नाही, तर घसरण त्याच पानात सापडते.

मी पानाचीच पद्धत सांगेन. फक्त शेवटच्या पंधरा मिनिटांत एकेक गोळा भरा, तेव्हा पान साठवून ठेवणं महागात पडतं.